अनुभव धागा: पेरणीच्या तोंडावर येणारा अॅडव्हान्स टॅक्स

जालन्यात बी-बियाणे आणि खतांच्या एका ठोक व्यापाऱ्याकडे मी हिशेब बघते. अॅडव्हान्स टॅक्सचे हप्ते आपल्या भागातल्या पैशाच्या चक्राशी कधीच जुळत नाहीत. 15 जूनपर्यंत वर्षाच्या कराच्या 15 टक्के, 15 सप्टेंबरपर्यंत 45, 15 डिसेंबरपर्यंत 75 आणि 15 मार्चपर्यंत पूर्ण, असं गणित आहे. आपल्याकडे जूनमध्ये सगळा पैसा उधारीवर शेतात जातो आणि सोयाबीन-कापूस बाजारात आल्यावरच परत येतो. तुम्ही हे कसं जमवता आणि वर्षअखेरीस खरोखर किती भरावं लागलं किंवा परत मिळालं, ते आकड्यांसकट सांगा. आकडे 2024-25 या वर्षाचे असले तर बरं, म्हणजे तुलना करता येईल.

परभणी, कृषी सेवा केंद्र

ताई, माझंच घ्या. मृग लागला की दुकानातून माल जातो आणि वहीत नावं वाढतात. वसुली दिवाळीच्या आसपास. त्यामुळे जून आणि सप्टेंबरचा हप्ता मी जाणूनबुजून सोडतो. त्या वर्षी टीडीएस वजा जाता माझा कर 2,00,000 निघाला. मी डिसेंबरच्या हप्त्याला 1,20,000 आणि मार्चच्या पहिल्या आठवड्यात 50,000 भरले. उरलेले 30,000 ऑडिट झाल्यावर ऑक्टोबरमध्ये. व्याज 6,900 लागलं. माझं म्हणणं असं की सरकार महिन्याला एकच टक्का घेतं. एवढ्या स्वस्तात जूनमध्ये मला कोण पैसे देतं?

लातूर, मेडिकल दुकान

दादा, तुम्ही उगाच जास्त भरलंत. ज्या तिमाहीत नफा झाला त्याच तिमाहीत भरायचं असतं. जूनपर्यंत नफा हातात नव्हता तर जूनचा हप्ता लागूच होत नाही.

नांदेड, करसल्लागार

नाही, तसं नाही. हप्ता पूर्ण वर्षाच्या अंदाजित करावर मोजतात, त्या तिमाहीच्या नफ्यावर नाही. शिवाय परभणीच्या दादांचं खातं मर्कंटाइल पद्धतीचं आहे. माल जूनमध्ये विकला की विक्री जूनमध्ये धरली जाते, उधारी दिवाळीत आली तरी. मेडिकलवाल्या दादांचं म्हणणं भांडवली नफा किंवा लाभांश अशा काही उत्पन्नांना लागू पडतं, दुकानाच्या नफ्याला नाही.

आता 6,900 कुठून आले ते बघू. कलम 234C हप्त्यांचा उशीर मोजतं. जूनमध्ये 30,000 कमी पडले, त्यावर तीन महिन्यांचे 3 टक्के म्हणजे 900. सप्टेंबरपर्यंत 90,000 हवे होते, भरले शून्य, म्हणून 2,700. डिसेंबरपर्यंत दीड लाख हवे होते, भरले 1,20,000, तुटीवर 900. मार्चमध्ये 30,000 ची तूट, तिथे एकाच महिन्याचं व्याज, 300. हे झाले 4,800.

उरलेले 2,100 कलम 234B चे. 31 मार्चपर्यंत कराच्या 90 टक्के रक्कम भरलेली नसली की 1 एप्रिलपासून वेगळं व्याज सुरू होतं. दादांना 1,80,000 हवे होते, भरले 1,70,000. मग 30,000 वर एप्रिल ते ऑक्टोबर असे सात महिने लागले. मार्चमध्ये आणखी फक्त 10,000 टाकले असते तर हे 2,100 पूर्ण वाचले असते आणि मार्चचं 234C सुद्धा 300 ऐवजी 200 झालं असतं. माझ्याकडे येणाऱ्या व्यापाऱ्यांना मी डिसेंबरनंतर हा 90 टक्क्यांचा आकडा आधी काढायला लावतो, बाकी गणित नंतर.

परभणी, कृषी सेवा केंद्र

पण साहेब, ऑडिटवाल्यांना मुदतवाढ मिळाली होती की. 31 ऑक्टोबरची 10 डिसेंबर 2025 झाली. मग व्याज कसं चालू राहिलं?

नांदेड, करसल्लागार

ती मुदत रिटर्न भरण्याची. 234B ला त्याच्याशी देणंघेणं नाही, ते कर भरेपर्यंत चालतं, आणि महिन्याचा एक दिवस लागला तरी पूर्ण महिना धरतं. ऑडिट संपण्याची वाट बघायची गरज नव्हती. एप्रिलमध्येच अंदाजाने उरलेला कर सेल्फ असेसमेंट म्हणून भरता आला असता.

आणखी एक. ऑक्टोबरमध्ये 36,900 भरायला हवेत. नुसते 30,000 भरले तर ते आधी व्याजात जमा होतात आणि करातली बाकी तशीच राहते. मग रिटर्न तपासल्यावर विभागाकडून 143(1) ची इंटिमेशन येते आणि त्यात मागणी दिसते. लोक म्हणतात, कर तर पूर्ण भरला होता. भरला होता, पण व्याज धरलं नव्हतं.

धाराशिव, निवृत्त शिक्षक

मला हे हप्ते लागत नाहीत. साठी ओलांडलेली, धंदा नाही, पेन्शन आणि मुदतठेवीचं व्याज एवढंच. जुलैमध्ये सगळा कर एकदम भरला, व्याज शून्य. पण माझ्याच वयाच्या भावाचं किराणा दुकान आहे, त्याला ही सवलत नाही. दोघांचे कागद एकाच पोराने भरले तरी हा फरक लक्षात ठेवावा लागतो.

हिंगोली

माझा रिफंड आला नाही. पोर्टलवर रिफंड फेल असं दाखवतंय. हप्ते वगैरे मी काही भरलेले नाहीत, बँकेच्या व्याजावर टीडीएस कापला गेला होता. कोणाला माहीत आहे का?

जालना, धागा सुरू करणारी

काका, धागा हप्त्यांचा आहे, पण सांगते. पोर्टलवर प्रोफाइलमध्ये बँक खातं व्हॅलिडेट झालंय का बघा. बँकेतलं नाव आणि पॅनवरचं नाव जुळत नसेल किंवा बँक विलीन होऊन आयएफएससी बदलला असेल तर असं होतं. दुरुस्त करून रिफंड रीइश्यूची विनंती टाका.

लातूर, बालरोगतज्ज्ञ

माझं उलट झालं. मी 44ADA मध्ये आहे, म्हणजे फीचा ठरावीक हिस्सा नफा धरून कर भरते, त्यामुळे मला चार हप्ते नाहीत, सगळं 15 मार्चपर्यंत एकदाच. रुग्णालय माझ्या फीवर टीडीएस कापतं, तो किती झाला हे मार्चच्या सुरुवातीला पूर्ण दिसत नव्हतं, म्हणून मी हात सैल सोडून भरलं. कर 3,20,000 होता, टीडीएस धरून भरलेले 3,80,000 झाले. रिटर्न मुदतीत भरलं. 60,000 सप्टेंबरमध्ये परत आले आणि त्यावर एप्रिलपासून सहा महिन्यांचे अर्धा टक्का दराने 1,800 व्याज.

हे व्याज पुढच्या वर्षीच्या उत्पन्नात दाखवावं लागतं, ते पोर्टलवरच्या AIS या वार्षिक माहितीपत्रकात दिसतंच. आणि परत मिळणारी रक्कम कराच्या 10 टक्क्यांहून कमी असेल तर व्याजच मिळत नाही. माझ्या बाबतीत ती सीमा 32,000 होती. थोडं जास्त भरून ठेवलं तर पैसा सहा महिने फुकट अडकतो, हे मी धरून चालते.

लातूर, क्लासवाले

मॅडम, कोचिंगला 44ADA चालतं का? माझे सल्लागार 44AD म्हणतात, मित्राचे ADA म्हणतात.

नांदेड, करसल्लागार

ADA साठी जे व्यवसाय अधिसूचित आहेत त्यांत शिकवणी नाही, म्हणून बरेच जण 44AD मध्ये दाखवतात. यावर मतं दोन आहेत आणि मी इथे निकाल देणार नाही. हप्त्यापुरतं दोन्हीत 15 मार्चच.

बीड, शिक्षिका

मी जानेवारी 2025 मध्ये प्लॉट विकला. पगारावरचा कर शाळा कापते, पण प्लॉटच्या नफ्याचा कर माझ्यावर आला, 1,45,000. जून-सप्टेंबर-डिसेंबरचं व्याज लागेल म्हणून घरात सगळे घाबरले होते. मी 10 मार्चला पूर्ण रक्कम भरली, व्याज एक रुपयाही नाही. जो नफा अजून झालाच नव्हता त्याचे आधीचे हप्ते मागत नाहीत, पण नफा झाल्यावर येणाऱ्या हप्त्यांत तो कर पूर्ण भरायचा.

एक गोष्ट मात्र स्वतः तपासा. रिटर्नमध्ये भांडवली नफ्याच्या पानाच्या शेवटी तक्ता असतो, नफा कोणत्या काळात झाला हे भरायचं. माझ्या मसुद्यात तो आकडा '15 जूनपर्यंत' या रकान्यात होता आणि खाली 234C चे काही हजार दिसत होते. आकडा 16 डिसेंबर ते 15 मार्च या रकान्यात हलवला तसं व्याज गेलं.

लातूर, मेडिकल दुकान

बरं, भांडवली नफ्याचं आणि दुकानाचं वेगळं, हे कळलं. पण 15 मार्च चुकली तर मग रिटर्नच्या वेळीच भरायचं ना?

नांदेड, करसल्लागार

अर्धं बरोबर. मार्चचा हप्ता चुकल्याचं एक टक्का लागेल. पण 31 मार्चपर्यंत भरलेली रक्कम अॅडव्हान्स टॅक्सच समजतात आणि 90 टक्क्यांत ती धरतात. त्यामुळे 28 मार्चला भरणं आणि 3 एप्रिलला भरणं यांत मोठा फरक आहे. चलन करताना 31 मार्चपर्यंत अॅडव्हान्स टॅक्स (100) निवडा, नंतर सेल्फ असेसमेंट (300). आणि वर्ष नीट बघा. मार्च 2025 मध्ये भरलेल्या हप्त्याला असेसमेंट इयर 2025-26 लागतं. घाईत 2024-25 निवडलं की पैसे सरकारकडे असूनही रिटर्नमध्ये दिसत नाहीत.

परभणीच्या दादांसाठी आणखी एक. पहिल्या तीन हप्त्यांना एक दिवस उशीर झाला तरी तीन महिन्यांचं व्याज लागतं. 16 जूनला भरलं काय आणि 14 सप्टेंबरला भरलं काय, जूनच्या तुटीचे 3 टक्के ठरलेले. उलट जूनमध्ये 15 ऐवजी 12 टक्के आणि सप्टेंबरमध्ये 45 ऐवजी 36 टक्के जरी भरले तरी त्या हप्त्याचं व्याज लागत नाही. तुम्हाला जूनमध्ये 24,000 आणि सप्टेंबरपर्यंत एकूण 72,000 पुरले असते.

परभणी, कृषी सेवा केंद्र

12 टक्क्यांचं नवीन कळलं. पण जूनमध्ये मी कंपनीला रोख पैसे दिले तर बिलावर 4 टक्के सूट मिळते. ते 30,000 टॅक्सला न भरता कंपनीला दिले तर 1,200 वाचतात आणि व्याज 900. मग माझं काय चुकलं?

जालना, धागा सुरू करणारी

दादा, सूट तुमच्या नफ्यात येते, तिच्यावर कर लागतो. 30 टक्क्यांच्या टप्प्यात सेस धरून 31.2 टक्के गेले की 1,200 चे साधारण 825 उरतात. कराचं व्याज मात्र खर्चात धरता येत नाही, ते 900 पूर्ण तुमच्या खिशातून. म्हणजे 75 रुपयांचा तोटाच. 20 टक्क्यांच्या टप्प्यात असता तर 950 उरले असते, थोडा फायदा.

परभणी, कृषी सेवा केंद्र

आकडा पटला. पण पाऊस पडल्यावर चांगल्या वाणाची पिशवी कंपनीकडे शिल्लक राहत नाही, आणि गिऱ्हाईक दुसऱ्या दुकानात गेलं की खतालाही तिकडेच जातं. ते 75 रुपयांत कसं धरायचं? यंदा 24,000 बाजूला ठेवून बघतो. सप्टेंबरच्या 72,000 चं अजून माझ्याकडे उत्तर नाही. त्या वेळी सोयाबीन शेतातच उभं असतं. अडत किंवा जिनिंगवाले कोणी असतील तर त्यांचं सप्टेंबरचं कसं चालतं ते सांगावं.