टेपर: किलोमीटर कमी, वेग तोच

"शर्यतीआधीचे शेवटचे दोन आठवडे पळणं कमी केलं, म्हणजे टेपर केला, तर कमावलेला दम जाईल का?"

दोन आठवड्यांत जात नाही, पण कमी करायचे ते किलोमीटर. पळायचे दिवस आणि वेग तसेच ठेवा. माझा आठवडा ६० किलोमीटरचा होता. पहिल्या आठवड्यात ४० केले, रविवारचं लांब पळणं १६ वर आणलं. शर्यतीच्या आठवड्यात, शर्यत सोडून, फक्त २०. त्यातही बुधवारी ३ किलोमीटर शर्यतीच्याच वेगाने, बाकी गप्पा मारत. त्याआधीच्या वेळी नुसता बसून राहिलो होतो, तर पाय लाकडासारखे झाले.

सिंहगड मात्र या काळात नकोच. उतरताना मांड्या अशा भरतात की चार दिवस जिना उतरवत नाही. या दोन आठवड्यांत गुडघ्यात उगाच काहीतरी टोचेल. पळायला लागल्यावर दहा मिनिटांत जात असेल तर सोडून द्या, वाढत गेलं तर थांबा.