बिलातले रुपये-पैसे फ्लोटमध्ये ठेवले तर खरंच काही बिघडतं का?

निखिल (सांगली): मार्केट यार्डाजवळच्या एका हळद-मसाल्याच्या दुकानासाठी बिलिंग प्रोग्रॅम लिहितोय. पायथन आणि SQLite. सगळ्या रकमा साध्या फ्लोटमध्ये आहेत. पंधरा अंक अचूक मिळतात आणि बिलं तर हजारांतली. मग पैशाला धोका कुठं येतो?

संदीप (मिरज): कुठंच नाही. 0.1 दहा वेळा मिळवला की 0.9999999999999999 येतं, एवढं दाखवून लोक घाबरवतात. छापताना दोन दशांश घे, 1.00 च छापलं जातं. हजार बिलांची बेरीज मारलीस तरी चूक पैशाच्या हजाराव्या भागापर्यंतही पोचत नाही. मी कैक वर्षं असंच करतोय, एकाही दुकानदाराची तक्रार नाही.

मेधा (सातारा): संदीपदादा, बेरजेचं तुम्ही म्हणता ते बरोबरच आहे. गोची होते ती राउंडिंगला, उत्तर नेमकं अर्ध्या पैशावर आलं की. हळद पावडरला 5 टक्के जीएसटी, म्हणजे केंद्राचा अडीच आणि राज्याचा अडीच. 107 रुपयांच्या मालावर अडीच टक्के होतात 2.675. आता हे चालवून बघा:

```
>>> round(107 * 2.5 / 100, 2)
2.67
>>> round(107 * 0.025, 2)
2.68
```

कर तोच, रक्कम तीच, फक्त सूत्र लिहायची पद्धत वेगळी. बायनरीत 2.675 बसतच नाही. त्याच्या सगळ्यात जवळचा आकडा 2.67499999999999982 च्या आसपास आहे, म्हणून पहिलं उत्तर खाली येतं. दुसऱ्यात 0.025 च मुळात किंचित जास्त साठवला जातो, त्यामुळे गुणाकार अर्ध्याच्या वर सरकतो. बिल एका सूत्राने आणि महिन्याचा जीएसटी रिपोर्ट दुसऱ्या सूत्राने काढला, की एका बिलामागे दोन पैशांचा फरक. मग हिशेबनीस रात्रभर तो शोधत बसतो.

हे क्वचित होणारं आहे असंही समजू नका. अडीच टक्क्यांना विषम रुपयांची प्रत्येक पूर्ण रक्कम अर्ध्या पैशावरच येते. 1 रुपयाला अडीच पैसे, 3 ला साडेसात. प्रत्येक वेळी चुकतंच असं नाही, पण कधी चुकेल ते बिल बघून सांगता येत नाही.

शिंदे काका (तासगाव): आमच्या दूध संस्थेत हेच चाललंय. रोजच्या पावत्या मी वहीत मिळवतो, तर दहा दिवसांच्या बिलात पाच-दहा पैसे कमी भरतात. म्हणजे मशीनच्या फ्लोटचीच ही चूक ना?

मेधा: काका, पावत्या बघितल्याशिवाय नक्की सांगता येणार नाही, पण बहुतेक फ्लोटचा दोष नसावा. 3.7 लिटर दूध, दर 34.35, रक्कम 127.095. पावतीवर 127.10 छापतात. अशा दोन पावत्या तुम्ही मिळवल्या की 254.20. मशीनने न राउंड केलेल्या रकमा मिळवल्या तर 254.19. कागदावर पेन्सिलीनं केलं तरी हा फरक राहणारच. आधी राउंड करायचं की बेरीज झाल्यावर, हे संस्थेनं ठरवून लेखी द्यायला हवं. तेवढं मागा.

निखिल: मग कॉलम `DECIMAL(10,2)` केला की काम झालं?

मेधा: SQLite मध्ये नाही. तिथं हे नाव चालतं, पण दशांशाचा आकडा आतून `REAL` म्हणूनच जातो, म्हणजे पुन्हा फ्लोटच. `typeof()` लावून बघ. त्यापेक्षा पैसे `INTEGER` मध्ये ठेव. 107 रुपये म्हणजे 10700:

```
cgst = (paise * 25 + 500) // 1000
```

उत्तर 268, कुठल्याही मशीनवर. फक्त माल परत आला आणि रक्कम उणे झाली की `+ 500` मुळे अर्धा पैसा शून्याकडे सरकतो आणि -268 ऐवजी -267 येतं. म्हणून आधी अधिक रकमेवर हिशेब कर, चिन्ह नंतर लाव.

संदीप: सूत्राचं पटलं. ते एकाच फंक्शनमध्ये ठेवायला हवं, हेही मान्य. पण पूर्णांकाने सगळं सुटत नाही. 187.35 रुपये किलोची हळद 250 ग्रॅम घेतली तर 46.8375 येतात. हे पैशांत कुठं बसवणार? शिवाय जीएसटी कायद्याच्या कलम 170 नं भरायचा कर जवळच्या रुपयात जातोच.

मेधा: वजन ग्रॅममध्ये, दर पैशांत, दोन्ही पूर्णांक. गुणाकार झाला की हजारानं भागताना एकदाच राउंड, 4684 पैसे. कलम 170 मुळे सरकारला भरायची रक्कम रुपयात येते, पण गिऱ्हाइकाच्या बिलावरचे पैसे आणि रिपोर्टमधले पैसे जुळायला नकोत का?

निखिल: उद्याच कॉलम बदलतो. पण कर प्रत्येक ओळीवर राउंड करू की पूर्ण बिलावर एकदाच? दुकानदाराचे सीए ओळीवर म्हणतात.

संदीप: बिलावर एकदाच. वीस ओळी झाल्या की ओळीवरचं राउंडिंग साचत जातं.

मेधा: मी ओळीवरच करते, म्हणजे एखादीच वस्तू परत आली तर तिचा कर नेमका तेवढाच वजा होतो. पण सीए जे म्हणतील ते त्यांच्याकडून लिहून घे, आणि रिपोर्टलाही तेच फंक्शन लाव.