मदत हवी आहे: कोकम सरबताचा खर्च किती बाटल्यांवर निघेल?

नमस्कार मंडळी. वेंगुर्ल्यात मी कोकम सरबत करते. शेडचं भाडं, मशीनचा हप्ता, परवाना मिळून हंगामाचा ठरलेला खर्च 36,000 रुपये. रातांबे, साखर, बाटली, लेबल धरून बाटलीमागे 70. विकते 130 ला. म्हणजे 60 सुटतात, आणि 600 बाटल्यांवर खर्च निघायला हवा.

गेल्या हंगामात 700 गेल्या, तरी तोटाच! वही चाळली तेव्हा कळलं, निम्म्या दुकानातून गेल्या आणि दुकानदार 20 टक्के कापतो. तिथे 34 च सुटतात. सरासरी 47 धरली तर 766 बाटल्या लागतात.

रातांबे फोडणाऱ्या बायकांना किलोमागे मजुरी देते, ती अजून कुठेच धरलेली नाही. ती 70 मध्ये मिळवू की 36,000 मध्ये? कृपया सांगा, रातांबे पिकायला लागलेत.