अप्रेझलमध्ये कमी पडणाऱ्या माणसाबद्दल नेमकं काय लिहिलंत? अनुभव सांगा

सायली_ह
आमच्याकडे अप्रेझलचे फॉर्म उघडलेत आणि माझ्या पोटात गोळा आलाय. मी सपोर्ट टीम बघते, सहा जण. मागच्या वर्षी एकाला लिहिलं होतं, "ओनरशिप कमी आहे, कम्युनिकेशन सुधारायला हवं." तो समोर बसून शांतपणे म्हणाला, मॅडम एक तरी उदाहरण सांगा ना. आणि मला एक आठवेना! म्हणजे त्याचं काम कमी पडत होतं हे नक्की, पण माझ्याकडे फक्त वैताग शिल्लक होता, प्रसंग एकही नाही. यंदा परत तोच माणूस आणि तोच फॉर्म. तर तुम्ही प्रत्यक्षात लिहिलेली किंवा तुम्हाला मिळालेली वाक्यं सांगा, बरी वाईट कसलीही.

पंक्या
सोप्पंय. आकडे टाक आणि मोकळी हो. मी सरळ लिहिलं, सहा महिन्यात टीमची सरासरी ५५ टिकिटं, तुझी ३४. विषय संपला, वाद घालायला जागाच नाही.

जुनाखोड
पंक्या, गंमत म्हणजे माझ्याकडेही अगदी असाच ३४ वाला एक होता, म्हणून जरा लांबण लावतो. मीही "स्पीड कमी" असं लिहिणारच होतो, पण त्याआधी एक दुपार काढून त्याची ३४ च्या ३४ टिकिटं उघडून वाचली. त्यातली निम्म्याहून जास्त डेटाबेसची निघाली, जी बाकीचे हळूच बाजूला सरकवतात आणि हा बिचारा उचलतो. म्हणजे स्पीडचा शेरा चुकीचा ठरला असता आणि त्याने तो दोन मिनिटात खोडून काढला असता.

पण वाचताना दुसरंच दिसलं. ९ टिकिटं परत उघडली होती. तीही एकेक वाचली. दोनमध्ये ग्राहकाने नवीनच काहीतरी मागितलं होतं, एकात दुसऱ्या टीमच्या रिलीजने घोळ घातलेला, ही तीन त्याच्या माथी मारता येत नाहीत. उरलेल्या ६ मध्ये एकच गोष्ट, फिक्स टाकला आणि चालतोय का हे न बघता, ग्राहकाला न विचारता टिकीट बंद. मग शेरा असा झाला:

"जुलै ते डिसेंबरमध्ये बंद केलेल्या ३४ टिकिटांपैकी ६ टिकिटं फिक्स न तपासता बंद केल्याने परत उघडली (नंबर सोबत जोडले आहेत). त्यातल्या २ मुळे ग्राहकाचं इन्व्हॉइसिंग एकेक दिवस थांबलं. १२ सप्टेंबर आणि ४ नोव्हेंबरला यावर बोलणं झालं, नोव्हेंबरमध्ये चेकलिस्ट दिली. पुढच्या तिमाहीत प्रत्येक टिकीट बंद करण्याआधी टेस्टचा स्क्रीनशॉट आणि ग्राहकाचा होकार टिकिटात जोडलेला असावा."

यात कुठेही बेजबाबदार, निष्काळजी वगैरे शब्द नाही बघ. त्याला नंबर दिलेत, तो स्वतः उघडून ताडून बघू शकतो.

भटकी_मांजर
पण बाकीच्यांची किती परत उघडतात? सगळ्यांचीच तेवढी उघडत असतील तर याला एकट्यालाच का धरलं?

जुनाखोड
बरोब्बर, हे मी आधी केलंच नव्हतं, माझ्या वरिष्ठांनी हाच प्रश्न विचारून फॉर्म परत पाठवला. मग आणखी दोघांची टिकिटं त्याच चाळणीतून काढली. एकाची ५० मध्ये १, दुसऱ्याची ४८ मध्ये २. तेव्हा ते वाक्य टिकलं.

पंक्या
ओके मानलं. पण चेकलिस्टनंतर सुधारला की नाही तो? तेही लिहायला पाहिजे ना.

जुनाखोड
लिहिलं होतं आणि तिथेच माती खाल्ली. आधी ४ उघडली होती, चेकलिस्टनंतर २, म्हणून मी "निम्म्यावर आलं, सुधारणा आहे" असं लिहून टाकलं. मग लक्षात आलं की ते ४ होते २३ पैकी आणि हे २ आहेत ११ पैकी. प्रमाण जवळपास तेवढंच. सुधारला म्हणणंही खोटं आणि सुधारला नाही म्हणणंही घाईचं, ११ टिकिटांवरून काय कळणार. शेवटी दोन्ही आकडे तसेच ठेवले आणि सुधारणेचं वाक्य काढलं.

मनीषाताई
मी सेल्फ अप्रेझलमध्ये दरवर्षी "टीम प्लेयर" लिहिते, तरी इन्क्रिमेंट चार टक्क्याच्या वर जात नाही. तिथे काय लिहायचं ते पण सांगा कोणीतरी.

भटकी_मांजर
ताई हा धागा उलट्या बाजूचा आहे 😄

आप्पा_निवृत्त
आमच्या राज्य सेवेत याला गोपनीय अहवाल म्हणायचे आणि खरोखरच गोपनीय ठेवायचे, प्रतिकूल शेरा असेल तेवढाच कळवायचे. २००८ साली देव दत्त खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की प्रत्येक नोंद कर्मचाऱ्याला कळवलीच पाहिजे. त्या गृहस्थांना "चांगला" असा शेरा होता, तो वाईट म्हणून कळवलाच नाही, आणि बढतीला लागत होता "अतिशय चांगला". म्हणजे गोड दिसणाऱ्या शेऱ्यानेही माणूस मागे राहतो.

माझ्या स्वतःच्या अहवालात एका वर्षी प्रतिवेदन अधिकाऱ्यांनी "कामात शिथिल" एवढे दोन शब्द लिहिले. मी अभिवेदन केलं, की कोणतं प्रकरण, किती दिवस प्रलंबित, मला ज्ञापन कधी दिलं? त्यांच्याकडे एकही ज्ञापन नव्हतं. शेरा काढला. आता खासगीत सांगतो, त्या वर्षी मी शिथिल होतो. दोन फाइली माझ्याच टेबलावर चार महिने पडून होत्या, त्यांची तारीख टाकली असती तर मला तोंड नव्हतं.

चिऊ८७
मी घेणाऱ्या बाजूची. माझ्या मॅनेजरने तीन मीटिंगच्या तारखा टाकून लिहिलं की डिझाइन डॉक्युमेंट तिन्ही वेळेला आदल्या रात्री ११ नंतर आलं, त्यामुळे रिव्ह्यू करणाऱ्यांना वाचायला वेळ मिळाला नाही. राग आला खूप, पण दोन तारखा खऱ्या होत्या. तिसऱ्या तारखेला मी रजेवर होते, आई दवाखान्यात होती, डॉक्युमेंट कलीगने पाठवलं होतं. झालं, पुढचा अर्धा तास फक्त त्या तिसऱ्या तारखेवर भांडण. उरलेल्या दोनवर कोणी बोललंच नाही. त्यामुळे लिहिण्याआधी रजेचं कॅलेंडर बघा प्लीज.

चाकणकर
शॉपफ्लोअरवरचं सांगतो. एका सुपरवायझरने एका पोराच्या चुकांची डायरी ठेवली, तारीख वेळ सगळं. युनियनवाल्यांनी विचारलं बाकी अकरा जणांची डायरी दाखवा. नव्हतीच. मग सगळ्या नोंदी खऱ्या असूनही डूख धरल्यासारखं दिसलं. तेव्हापासून मी सगळ्यांच्या दोन ओळी लिहितो दर शनिवारी, चांगलं पण लिहितो.

एचआरवाली_नको_म्हणू
कडू बोलते. आमच्याकडे बऱ्याचदा रेटिंग बेल कर्व्हमध्ये आधी ठरतं, मग मॅनेजरला मेल जातो की या रेटिंगला साजेशा कमेंट द्या. तेव्हा तो मेलबॉक्स उकरून पुरावे शोधतो आणि सापडतातच, कोणाचेही सापडतील. वर्षभरात एकदाही बोललं नसेल तर ते "वारंवार सांगूनही" या शब्दांत घालू नका, एवढंच मी अडवू शकते. बाकीचं मला अडवता येत नाही.

जुनाखोड
यावर माझ्याकडेही उत्तर नाही. मी एकदा रेटिंगवर भांडलो, हरलो, कमेंट मात्र बदलली नाही. फॉर्मवर रेटिंग एक सांगतंय आणि कमेंट दुसरंच, असं गेलं वर.

सायली_ह
आज बसले. "कम्युनिकेशन" म्हणजे मला काय खुपतंय ते शोधायला सगळ्या सहा जणांच्या जानेवारीपासूनच्या शिफ्ट हँडओव्हरच्या नोट्स काढल्या. त्याच्या १८ नोट्सपैकी ५ मध्ये चालू असलेलं टिकीट लिहिलेलंच नाही, आणि त्यातल्या दोन रात्री पुढच्या शिफ्टने ग्राहकाला परत सगळं पहिल्यापासून विचारलं. बाकी पाच जणांचं मिळून असं दोनदाच झालंय. रजा तपासल्या, पाचही दिवशी तो हजर होता. हे मी त्याच्याशी अजून बोललेच नाहीये, त्यामुळे फॉर्म भरायच्या आधी उद्या बोलतेय आणि "पहिल्यांदा चर्चा" असंच लिहीन.

"ओनरशिप"साठी दोन तास शोधलं. काही मिळालं नाही, म्हणून ते वाक्य काढलं. मनातून अजून वाटतंय की कमी आहे.