आसामला वेगळं घड्याळ हवंच कशाला?

ठाणेकर_१
ती ईशान्य भारताला वेगळा टाइम झोन द्या वाली मागणी परत फिरायला लागलीय. एक देश आहे ना आपला, मग घड्याळ पण एकच. सूर्य लवकर उगवतो तर लवकर उठा, लवकर झोपा, कोणी अडवलंय? उद्या गुजरात म्हणेल आम्हाला अर्धा तास मागे द्या. चीन बघा, आपल्या कितीतरी पट आडवा देश, १९४९ पासून एकच वेळ. असले लाड पुरवायचे नसतात.

बागानबाबू
हे 'लवकर उठा' ऐकून कान किटलेत म्हणून लिहितोय, लांबेल. मूळचा सांगलीचा, नोकरीमुळे बरीच वर्षं दिब्रुगडजवळ चहाच्या बागेत. जूनमध्ये इथे ४:२० ला सूर्य वर येतो, पाचला चांगलं चटका बसेल असं ऊन असतं. लोक उठतातच हो, झोपून कोण राहणार. पण बँक, कोर्ट, सरकारी कचेरी उघडणार दहाला, म्हणजे सूर्य उगवून साडेपाच तास झाल्यावर. आणि डिसेंबरात ४:२० ला सूर्यास्त! पाच वाजेपर्यंत किट्ट. पोरं शाळेतून येऊन बॅट घेऊन बाहेर पडतात तोवर बॉल दिसायचा बंद होतो. ऑफिसचा शेवटचा पाऊण-एक तास दिवे लावून, रोज, अख्खा हिवाळा.

म्हणूनच इथल्या बागांनी ब्रिटिश काळापासून स्वतःचं घड्याळ एक तास पुढे ठेवलंय, त्याला बागान टाइम म्हणतात. भोंगा त्यावर, पानं तोडायला जाणं त्यावर, जेवणाची सुट्टी त्यावर. कोणी फोनवर 'आठला या' म्हणालं की पहिला प्रश्न असतो, बागानचे आठ की आयएसटीचे? बायको नवीन आली तेव्हा बाजारातल्या डॉक्टरकडे बागानच्या वेळेने गेली आणि तासभर बंद शटरसमोर उभी राहिली. दोन वेळा इथे आधीपासून आहेतच, देश काही फुटला नाही.

आणि चीनचं म्हणाल तर शिनजियांगमधले कितीतरी लोक बीजिंगच्या मागे दोन तास असं आपलं घड्याळ चालवतात. कागदावर एक आणि मनगटावर दुसरं. तेच मॉडेल हवं असेल तर बोला.

खवचट_पुणेकर
डिसेंबरात दिवस सगळीकडेच लहान असतो, त्यात टाइम झोनचा काय दोष? गणित सोपं आहे. एक अंश रेखांशाला चार मिनिटं, भारत पूर्व-पश्चिम २९ अंश, म्हणजे टोकाला टोक साधारण दोन तास. हा फरक बारा महिने तेवढाच राहतो. जूनमध्ये रडायचं आणि डिसेंबरातही रडायचं, एक काहीतरी ठरवा.

रेखांश_८२
चार मिनिटांचं बरोबर, 'बारा महिने तेवढाच' हे फक्त मध्यान्हाला लागू आहे. मुंबई आणि दिब्रुगडच घ्या. रेखांशात २२ अंशांचं अंतर, म्हणजे सूर्य डोक्यावर येण्यात साधारण ८८ मिनिटांचा फरक, तो वर्षभर तसाच. पण मुंबई १९ अक्षांशावर आणि दिब्रुगड साडेसत्तावीसवर. उत्तरेकडे उन्हाळ्यातला दिवस मोठा आणि हिवाळ्यातला लहान होतो, आणि ही वाढघट सकाळ-संध्याकाळ निम्मी निम्मी वाटली जाते.

म्हणून २१ जूनला मुंबईत ६:०२ आणि दिब्रुगडला ४:२०, सूर्योदयात पावणेदोन तासांच्या जवळपास फरक, पण सूर्यास्तात सव्वा तासच. डिसेंबरात बरोबर उलटं. मुंबईत ७:०७ आणि तिकडे सहाला चार-पाच मिनिटं कमी, म्हणजे सकाळी जेमतेम सव्वा तास, आणि संध्याकाळी ६:०५ विरुद्ध ४:२०, पावणेदोन तास. तेव्हा बागानबाबू दोन्ही वेळेला रडतायत आणि दोन्ही वेळेला बरोबर आहेत. जूनची सकाळ फुकट जाते आणि डिसेंबरची संध्याकाळ गिळली जाते. 'लवकर उठा' हा सल्ला दिलाच तर जूनला लागू पडतो, डिसेंबरात तिकडेही सूर्य सहाच्या सुमारासच येतो.

खवचट_पुणेकर
बरं. मध्यान्हाला लागू. पुढे.

संकष्टी_काकू
आपल्या कॅलेंडरात संकष्टीचा चंद्रोदय मुंबई, पुणे, नागपूर असा गावागणिक वेगळा छापलेला असतोच की. मग आपल्याकडे टाइम झोन आधीपासून आहेतच ना? माझी बहीण नागपूरला माझ्या आधी उपास सोडते.

रेखांश_८२
काकू, तिथे चंद्र वेगळ्या वेळी दिसतो, घड्याळ दोघींचं एकच असतं. इथे वाद घड्याळाचा चाललाय.

मास्तरीणबाई
आसामचं मला फारसं माहीत नाही पण सूर्योदयाचा विषय निघालाच आहे तर बोलते. मी उपनगरातल्या शाळेत सकाळच्या सत्राला आहे. सातची घंटा. जानेवारीत मुंबईत सूर्य सव्वासातला उगवतो, म्हणजे आमची प्रार्थना अंधारात, आणि व्हॅनवाला पहिलं पोर सहाला उचलतो. पहिल्या तासाला अर्धा वर्ग बाकावर डोकं टेकून. २०२४ मध्ये सरकारने सांगितलं की चौथीपर्यंतचे वर्ग नऊच्या आधी भरवू नका. छान. पण आमची इमारत एक आणि सत्रं दोन, सकाळी प्राथमिक, दुपारी माध्यमिक. लहानांना नऊला आणलं तर मोठ्यांना बसवायचं कुठे, गच्चीवर? काही शाळांनी सत्रं उलटी केली, मग मोठी पोरं अंधारात. आसामची पोरं लवकर अंधार होतो म्हणून खेळत नाहीत, आमची झोपेतच शाळेत येतात, त्यांचं कोण बघणार?

दोन_मुलांचा_बाप
मॅडम, झोपेचा एवढा कळवळा आहे तर होमवर्क कमी द्या. नऊची शाळा झाली तर मी ८:१२ ची लोकल कशी पकडू? मुलीला सोडणार कोण? सातची शाळाच बरी.

मास्तरीणबाई
म्हणजे तुमच्या लोकलसाठी सहा वर्षांच्या पोरीने साडेपाचला उठायचं. लिहायला काही वाटत नाही?

दोन_मुलांचा_बाप
वाटतं ना. तुम्ही येऊन सोडा तिला, मग काही वाटणार नाही.

सिरोंचा_एक्सप्रेस
तुम्हा मुंबईवाल्यांच्या अंधारावर अख्ख्या महाराष्ट्राचं वेळापत्रक ठरतं हीच तर गंमत आहे. आमच्याकडे आणि मुंबईत जवळपास अर्ध्या तासाचा फरक, एकाच राज्यात. नागपुरात ऐन डिसेंबरात पावणेसातच्या सुमारास सूर्य येतो. आणि मार्च-एप्रिलमध्ये इथे अकरानंतर पोरांना बाहेर ठेवता येत नाही, आम्हाला सकाळची शाळाच पाहिजे. नऊची शाळा चंद्रपूरच्या उन्हात भरवून दाखवा कोणीतरी. पण विचारतो कोण, मंत्रालयाच्या खिडकीतून जे दिसतं ते राज्याचं हवामान.

ठाणेकर_१
घ्या, आता वेगळा विदर्भ टाइम. मी हेच म्हणत होतो, एकाला दिलं की रांग लागते.

सिरोंचा_एक्सप्रेस
मी घड्याळ मागितलंच नाही. शाळेची वेळ जिल्ह्याने ठरवावी एवढंच म्हटलं. वाचायला पण वेगळा टाइम झोन लागतो का तुम्हाला?

रेखांश_८२
ठाणेकर, रांगेत पहिला नंबर तुमच्याच मुंबईचा होता. आयएसटी १ जानेवारी १९०६ पासून लागू झाली. मुंबईची स्वतःची वेळ तिच्या ३९ मिनिटं मागे होती, कारण आयएसटी ज्यावर बेतलीय ती ८२.५ अंश रेखांशाची रेषा जाते मिर्झापूरजवळून आणि मुंबई तिच्या जवळपास दहा अंश पश्चिमेला. गिरणीत घड्याळ एकदम ३९ मिनिटं पुढे म्हणजे कामगाराने तेवढं आधी अंधारात निघायचं, त्यावरून त्याच जानेवारीत कामगार बिथरले. शहराने बॉम्बे टाइम जपला तो थेट १९५५ पर्यंत. कलकत्त्याने सुद्धा आपला १९४८ पर्यंत ठेवला. स्वातंत्र्यानंतर आठ वर्षं मुंबईत दोन वेळा सांगितल्या जात होत्या, तेव्हा लाड कोण पुरवत होतं?

मॅडमचं दुखणं आणि बागानबाबूंचं दुखणं एकाच रेषेची दोन टोकं आहेत. वेळ मिर्झापूरची, म्हणून पूर्वेला घड्याळ सूर्याच्या मागे आणि आपल्याकडे पुढे. आता यात एक प्रस्ताव असा आहे की झोन एकच ठेवा पण आयएसटी अर्धा तास पुढे करा, ग्रिनिचच्या पुढे साडेपाचऐवजी सहा. संध्याकाळी दिवे उशिरा लागतात, वीज वाचते असा हिशोब. बंगळुरूच्या संशोधकांनी मांडलाय.

मास्तरीणबाई
म्हणजे जानेवारीत मुंबईत सूर्योदय पावणेआठला?? आणि शाळा सातलाच?

रेखांश_८२
हो. भुजला तर आठ वाजतील.

मास्तरीणबाई
त्या संशोधकांना आमच्या व्हॅनमध्ये बसवा एक आठवडा. त्यापेक्षा आसामला काय तास-दीड तास हवा तो देऊन टाका आणि आमच्या घड्याळाला हात लावू नका. घ्या, झाले मी बागानबाबूंच्या बाजूने.

बागानबाबू
धन्यवाद, ज्या कारणासाठी मिळेल त्या कारणासाठी पाठिंबा चालेल.

ठाणेकर_१
ठीक आहे, मुंबईचं मला माहीत नव्हतं असं नाही, पण ते शहर होतं, राज्याची हद्द नव्हती. मुख्य मुद्दा रेल्वेचा आहे. सिंगल लाइनवर एका स्टेशनचं घड्याळ तासभर पुढे आणि पुढच्याचं मागे, मास्तरने चुकून जुनी वेळ लिहिली की टक्कर. सरकारनेही याच भानगडीमुळे हात झटकले असणार.

रेखांश_८२
टकरीची भीती अगदीच पोकळ नाही, जिथे माणूस हाताने वेळ नोंदवतो तिथे घोळ होऊ शकतो. पण त्याला उपाय जुना आहे. रशियात अकरा टाइम झोन आणि रेल्वे वर्षानुवर्षं सगळीकडे मॉस्को टाइमवर चालली, व्लादिवोस्तोकच्या स्टेशनातही. तिकिटावर स्थानिक वेळ छापायला त्यांनी २०१८ मध्ये सुरुवात केली. आपल्याकडेही आयएसटीच्या आधी रेल्वे मद्रास टाइमवर होती, मुंबईकर गाडी पकडायला वेगळा हिशोब करत.

आणि हद्द कुठे आखायची तेही कोणीतरी बघून ठेवलंय. देशाची प्रमाणवेळ सांभाळणारी दिल्लीची नॅशनल फिजिकल लॅबोरेटरी, तिच्याच लोकांनी २०१८ मध्ये आसाम-बंगालच्या सीमेवर ८९ अंश ५२ मिनिटांची रेषा सुचवली. पूर्वेला एक तास पुढे, पश्चिमेला आहे तेच. जागा हीच, कारण सगळी वाहतूक त्या चिंचोळ्या पट्टीतून जाते. न्यू कूचबिहार आणि अलिपूरद्वार, मुख्यतः या दोन ठिकाणीच रेल्वेला वेळ सांभाळायची. नागपूरजवळून रेषा काढली असती तर शेकडो रूळ, रस्ते आणि गावं कापली गेली असती.

बागानबाबू
त्यात एक अडचण आहे ती मी आमच्या बाजूचा असून सांगतो. एक तास पुढे गेलो की आमची दहा ते पाच म्हणजे तुमची नऊ ते चार. सकाळचा पहिला तास दिल्लीत फोन उचलायला कोणी नाही आणि चारनंतर दिल्ली फोन करेल तेव्हा आम्ही घरी. फायली आधीच तिकडे कोणाला आठवत नाहीत. बागेचं काम भोंग्यावर चालतं, तिथे दिल्लीला विचारावं लागत नाही, म्हणून बागान टाइम जमतो. सचिवालयाला जमेल का ते मला सांगता येणार नाही.

सिरोंचा_एक्सप्रेस
मग सचिवालय आयएसटीवर ठेवा आणि शाळा, बाजार, कोर्ट पुढे घ्या. घड्याळ न हलवता वेळा हलवा. मी वर शाळेबद्दल तेच म्हणत होतो.

बागानबाबू
कोर्टाची वेळ हलवून दाखवा, मग माझ्या बागेतला चहा पाठवतो. बागानच्या आठला पोस्ट करतो.

दोन_मुलांचा_बाप
८:१२ ची लोकल कोणत्या टाइमला येते ते कोणी सांगेल का, ती आयएसटी पण पाळत नाही.