सत्तर मिनिटांच्या व्याख्यानाला नाव काय द्यावं?

भूगोलवाला: कोयनेच्या भूकंपावर ७० मिनिटांचं व्याख्यान रेकॉर्ड केलंय. यूट्यूबवर मी नाव दिलं ‘कोयना भूकंप १९६७ : व्याख्यान’. भाचा म्हणतो, ‘त्या पहाटे नेमकं काय घडलं?’ ठेव. कुणाचं ऐकू?

सातारी_गडी: भाच्याचं नको. ‘त्या पहाटे’ हे नाव शपथविधीलाही चालेल! ज्याला हवंय तो शोधून येतो.

एडिटिंगवाली: शोधून येणारा येईलच, पण होमपेजवर अंगठा फिरवणाऱ्याने काहीच शोधलेलं नसतं. ‘व्याख्यान’ दिसलं की तो पुढे जातो. सर, असं करा: ‘कोयना भूकंप १९६७ : धरणाच्या पाण्याने जमीन हादरते का?’ मोबाइलवर शेपूट कापलं जातं, म्हणून शोधायचे शब्द आधी. आणि प्रश्न खराच आहे. दख्खनचं पठार तोवर स्थिर समजलं जायचं. जलाशय भरायला लागल्यावर बारीक धक्के सुरू झाले आणि ११ डिसेंबरच्या पहाटे मोठा बसला. फक्त हा प्रश्न पहिल्या अर्ध्या मिनिटात तोंडाने विचारा. सत्कार-प्रास्ताविकाने सुरुवात केलीत तर प्रेक्षक टिकण्याचा आलेख तिथेच कोसळलेला दिसेल.

टॅगमास्टर: एवढं कशाला? टॅगमध्ये किल्लारी, एमपीएससी, भूज सगळं कोंबा.

एडिटिंगवाली: टॅग मुख्यतः स्पेलिंग चुकणाऱ्या शब्दांपुरते कामाचे, हे यूट्यूबच सांगतं. किल्लारीवर सर बोललेच नसतील तर आलेला माणूस दोन मिनिटांत जाईल. आपली अडचण वेगळी आहे. बरेच लोक `koyna bhukamp` असं टाइप करतात. ते वर्णनात एकदा, सरळ वाक्यात येऊ द्या. शब्दांची माळ नको.

पाटणची_लेक: आमची आई अजून ‘कोयनानगरचा भूकंप’च म्हणते. फडताळातली भांडी अंगावर आली होती म्हणे. १९६७ साल तिला सांगता येणार नाही.

एडिटिंगवाली: ताई, हे छान सापडलं! सर, वर्णनाच्या पहिल्या ओळीत ‘कोयनानगर’ हवंच. ‘आणखी’ न दाबता तेवढंच दिसतं. खाली वेळा द्या, पहिली 0:00 च हवी:

```
0:00 पाण्याने जमीन हादरते का?
6:30 कोयनानगर, पहाटेचे ४:२१
23:10 जलाशय भरताना बसलेले धक्के
52:40 पाणी खडकात मुरतं तेव्हा
```

भूगोलवाला: प्रास्ताविक कापतो. पण ५२व्या मिनिटाला उत्तर आहे हे लिहिलं तर लोक थेट तिथेच उडी मारतील ना? मधली ४५ मिनिटं कोण बघणार?

सातारी_गडी: तेच तर! वेळा देऊच नका.

एडिटिंगवाली: मारू देत उडी. न सापडून बंद करण्यापेक्षा बरं.

सातारी_गडी: मला नाही पटत. उत्तर हातात दिल्यावर मधलं कुणी बघत नाही, मीही नाही.