मदत हवी आहे: धोरण, कार्यपद्धती, नियम आणि गृहीतक यांत गल्लत होते (सोबत एमबीओचा, म्हणजे उद्दिष्टांनुसार व्यवस्थापनाचा उपप्रश्न)

पाटीकोरी

नमस्कार मंडळी. पेपर तोंडावर आलाय आणि नियोजनाच्या प्रकरणातल्या एका प्रश्नावर गाडी अडली आहे. व्याख्या तोंडपाठ आहेत, पण उदाहरण समोर आलं की सगळंच सारखं दिसायला लागतं. सरावसंचातला प्रश्न असा:

पाण्याचे पंप बनवणारी कंपनी पुढच्या वर्षाचं नियोजन करत आहे. पुढील विधानं धोरण, कार्यपद्धती, नियम, नियोजनाचं गृहीतक की उद्दिष्ट, ते कारणासह लिहा.

(अ) वर्षभरात तांब्याचा भाव 8 टक्क्यांहून जास्त वाढणार नाही.
(आ) जुन्या आणि व्यवहाराला चोख ग्राहकांना उधारीत झुकतं माप द्यावं.
(इ) उधारीची मागणी आली की विक्री विभाग अर्ज भरेल, लेखा विभाग मागची येणी तपासेल, मग व्यवस्थापक सही करेल.
(ई) ज्याचं बिल 90 दिवसांहून जास्त थकलं आहे, त्याला नवा माल उधारीवर द्यायचा नाही.
(उ) वसुलीचा सरासरी काळ वर्षअखेर 60 दिवसांवरून 45 दिवसांवर आणायचा. हे विक्रीप्रमुख आणि त्यांचे वरिष्ठ यांनी मिळून ठरवलं.
(ऊ) पुढच्या वर्षी 12,000 पंप विकले जातील.

मी 'ई'ला धोरण लिहिलं, कारण तो कंपनीचा उधारीबद्दलचा निर्णय आहे. 'उ'ला नियम लिहिला, कारण ते गाठायचंच आहे. दोन्ही चुकीचं धरलंय. उत्तरसूचीत नुसती नावं आहेत, कारणं नाहीत. पुढचा उपप्रश्न तर डोक्यावरून गेला: सहामाहीला हा काळ 56 दिवस निघाला, तर एमबीओप्रमाणे आढावा कसा घ्याल?

खर्डेघाशी

एवढं काही अवघड नाही. वरून खाली उतरत या. संचालक मंडळ ठरवतं ते धोरण, विभागप्रमुख आखतो ती कार्यपद्धती आणि पर्यवेक्षक लावतो तो नियम. दुसरी खूण म्हणजे क्रियापद. 'द्यावं' असेल तर धोरण, 'द्यायचा नाही' असेल तर नियम. 'ई'मध्ये नकार आहे, म्हणून नियम. मी याच खुणांवर पास झालो.

जुनी_फाइल

खर्डेघाशी, उत्तर बरोबर आहे, पण कारण लंगडं आहे. 'उधारी देताना घाई करू नये' यातही नकार आहे, तरी ते धोरणच. आणि 'रसायनांच्या गोदामात आगपेटी न्यायची नाही' हे संचालक मंडळाने ठराव करून सांगितलं, तरी तो नियमच. कोणी सांगितलं यावरून प्रकार ठरत नाही.

पाटीकोरी, एक चाचणी करून बघ. विधान दोन कारकुनांच्या हातात दे आणि दोघांसमोर एकच ग्राहक उभा कर. दोघांनी वेगवेगळे निर्णय घेतले आणि तरी दोघंही बरोबर, असं होऊ शकतं का? 'आ' घे. ग्राहक सहा वर्षं जुना आहे, पैसे देतो, पण दर खेपेला आठवडाभर उशिरा. एक कारकून म्हणेल हा चोख आहे, थोडी जास्त उधारी देऊ. दुसरा म्हणेल, नको. दोघांनीही विधान मोडलेलं नाही. विचार कोणत्या दिशेने करायचा तेवढं सांगून निर्णय माणसावर सोडला, म्हणून ते धोरण. 'ई'मध्ये मात्र बिल 91 दिवसांचं झालं की ग्राहक कितीही जुना असो, कारकुनाला विचार करायला काही उरतच नाही. तो नियम.

कार्यपद्धतीला दुसरी चाचणी लाव. पायऱ्यांची अदलाबदल कर. 'इ'मध्ये व्यवस्थापकाची सही आधी आणि येण्यांची तपासणी नंतर झाली, तर सहीला अर्थच राहत नाही. जिथे क्रम हलवला की काम बिघडतं तिथे कार्यपद्धती. नियमाला असा स्वतःचा क्रम नसतो, पण तो कार्यपद्धतीच्या पोटात बसू शकतो. इथे बसलाच आहे: लेखा विभाग येणी तपासतो त्या पायरीवरच 'ई' लागू होतो.

'अ' कोणाला उद्देशून आहे? कोणालाच नाही. तांब्याने ते ऐकायचं नाहीये. नियम माणूस मोडतो, गृहीतक परिस्थितीमुळे खोटं ठरतं. ते स्वतः योजना नसतं, योजना ज्याच्यावर उभी आहे ती जमीन असते.

विक्रीवाला

मला पाटीकोरीचं 'उ'चं उत्तर पटतंय. आमच्याकडे वर्षाच्या सुरुवातीला वरून एक आकडा येतो, खाली सही करायची, आणि फॉर्मवर ठळक अक्षरात 'एमबीओ' छापलेलं असतं. गेल्या वर्षी बाजार बसला, आकडा चुकला, बोनस कापला. कोणी एका शब्दाने विचारलं नाही. नियम मोडल्यावर शिक्षा होते तशीच शिक्षा झाली. मग हा नियम नाही तर काय?

जुनी_फाइल

तुमची तक्रार खरी आहे, पण तुमच्याकडे जे चालतं तो कोटा आहे. व्यवस्थापनतज्ज्ञ पीटर ड्रकर यांनी 1954 मध्ये एमबीओची कल्पना मांडली तेव्हा 'उद्दिष्टं' हा शब्द एकटा नव्हता, त्याला जोडून 'आत्मनियंत्रण' होतं. उद्दिष्ट ठरवताना त्या माणसाचा वाटा हवा, आणि नंतर स्वतःची प्रगती स्वतः तपासता येईल असे आकडे वेळच्या वेळी त्याच्याच हातात पडायला हवेत. फॉर्म साहेबांच्या कपाटात आणि आकडे वर्षअखेर, असं असेल तर दुसरा अर्धा भाग गळालाच.

'उ' नियम का नाही तेही बघा. वर्षअखेर 46 दिवस आले तर विक्रीप्रमुखाने काही 'मोडलं' असं म्हणता येत नाही. उद्दिष्ट कुठे पोहोचायचं ते सांगतं. आजच्या या ग्राहकाचं काय करायचं, ते सांगत नाही.

पाटीकोरी

ओके, हे बसलं डोक्यात. आता आढाव्याचं सांगा ना. प्रश्नात माहिती आहे ती अशी: वर्षाची उधार विक्री 730 लाख. सुरुवातीला येणं 120 लाख, सहामाहीला 112 लाख, विक्रीचा वेग तोच. त्यातल्या ठेकेदार ग्राहकांची वार्षिक विक्री 146 लाख आणि येणं 40 लाख. 'ठेकेदारांची देणी वेळेवर येतील' असं नियोजनात गृहीत धरलेलं होतं. मी नुसतं 'उद्दिष्टापासून 11 दिवस दूर, कामगिरी असमाधानकारक' असं लिहिलं.

जुनी_फाइल

तिथेच गुण गेले. आधी सूत्र: येणं भागिले वार्षिक उधार विक्री, गुणिले 365. 120 लाखांचे 60 दिवस, 112 लाखांचे 56 दिवस. आता ठेकेदार वेगळे काढ. 40 भागिले 146 गुणिले 365, म्हणजे 100 दिवस. उरलेल्या ग्राहकांची विक्री 584 लाख, येणं 72 लाख. तिथे काळ येतो 45 दिवस.

म्हणजे ज्या भागात गृहीतक टिकलं तिथे वर्षअखेरचं उद्दिष्ट सहा महिन्यांतच गाठलंय. ठेकेदारांच्या भागात गृहीतक कोसळलं आणि त्याने सरासरी वर ओढली. आढाव्यात पहिला प्रश्न 'किती कमी पडलास' हा नसतो. काय धरून चाललो होतो आणि त्यातलं काय उरलं, हा असतो. मगच माणसाच्या कामावर बोलायचं. सुरुवातीला दोन्ही गटांचा काळ किती होता ते प्रश्नात दिलेलं नाही. दोन्ही 60 च्या आसपास धरत असशील तर तसं स्पष्ट लिही.

पण गृहीतक खोटं ठरलं की माणूस सुटला, असंही नाही. ठेकेदारांचे पैसे अडकताहेत हे विक्रीप्रमुखाला कधी कळलं आणि त्याने वरिष्ठांना कधी सांगितलं? दुसऱ्या महिन्यात कळलं आणि सहाव्यात सांगितलं, तर ती त्याची उणीव. कळल्याबरोबर सांगितलं असेल, तर दोघांनी पुन्हा बसून ठेकेदारांसाठी वेगळं उद्दिष्ट ठरवायचं आणि बाकीच्यांचं 45 तसंच ठेवायचं.

अजून एक जागा आहे, ती बहुतेक जण सोडून देतात. 45 दिवस गाठायचा चोरवाटेचा उपाय म्हणजे हळू पैसे देणाऱ्या सगळ्यांची उधारी बंद करणं. आकडा झटकन सुंदर दिसेल आणि जुने ग्राहक जातील. तिथे 'आ' आडवं येतं. उद्दिष्ट गाठताना कोणत्या हद्दीत राहायचं ते धोरण सांगतं, म्हणून आढाव्यात नुसते दिवस बघून चालत नाही, सोबत जुन्या ग्राहकांची विक्रीही बघायची.

विक्रीवाला

मग ठेकेदारांचं काय? सरासरी 100 दिवस, म्हणजे त्यांची बरीच बिलं 90 च्या पुढे असणार. त्यातले काही जुने आणि एरवी चोख. 'आ' म्हणतं झुकतं माप द्या, 'ई' म्हणतं माल देऊ नका. आमच्याकडे अशा वेळी साहेबांना फोन जातो आणि माल सुटतो.

जुनी_फाइल

मुद्दा नेमका पकडलात. कारकुनाच्या पातळीवर 'ई' चालणार, कारण धोरण तारतम्याला जागा देतं ती नियमाच्या बाहेर. अपवाद करायचा अधिकार कोणाला आहे ते लिहून ठेवलं असेल तर एखादा अपवाद खपतो. पण दर आठवड्याला फोनवर माल सुटत असेल तर 'ई' कागदावर नियम आणि व्यवहारात धोरण झाला. त्यापेक्षा नियमच बदलावा, ठेकेदारांसाठी 90 चे 120 करावेत. तसं करण्यात कमीपणा नाही.

खर्डेघाशी

मान्य, क्रियापदाची खूण मागे घेतो. पण 'ऊ' गृहीतकच ना? अंदाज आहे तो सरळसरळ.

जुनी_फाइल

कोणाचा अंदाज, ते सांगा. तांब्याची तार किती घ्यायची आणि पाळ्या किती लावायच्या ते उत्पादन विभाग 12,000 धरून ठरवतो, म्हणून त्याच्यासाठी ते गृहीतक. विक्री विभागासाठी मात्र तो स्वतःच्याच योजनेचा अपेक्षित निकाल आहे. स्वतःच्या योजनेचं फळ त्याच योजनेचा पाया म्हणून धरलं तर गोल गोल फिरणं झालं. 'आ'चंही तसंच. वरच्यांनी ठरवलेलं धोरण खालच्या विभागाला नियोजन करताना गृहीतक म्हणूनच हाती येतं.

लाल_शाई

मी पेपर तपासते म्हणून सांगते. उत्तरसूचीत 'ऊ'पुढे 'गृहीतक' एवढंच असतं. कोणाच्या दृष्टीने ते लिहून 'उत्पादन विभागासाठी गृहीतक' असं म्हटलंस तर पूर्ण गुण देईन. 'विक्री विभागाचा अपेक्षित निकाल' एवढंच लिहिलंस तर मी कारण वाचून देईन, पण सगळे परीक्षक कारण वाचतातच असं नाही.

जुनी_फाइल

मग प्रश्नच अर्धवट काढलाय, असं माझं म्हणणं. नियोजन कुठला विभाग करतोय ते लिहायला एक ओळ लागली असती.

लाल_शाई

प्रश्नात 'कंपनी नियोजन करत आहे' असं आहे. पूर्ण कंपनीच्या पातळीवर विक्रीचा अंदाज हाच बाकी सगळ्या योजनांचा आधार असतो. त्यामुळे सूची चूक आहे असं मी म्हणणार नाही.

पाटीकोरी

मी 'उत्पादन विभागासाठी गृहीतक' लिहिते आणि विक्री विभागाची बाजू एका वाक्यात जोडते. आढाव्याचं उत्तर दोन गट वेगळे काढून पुन्हा सोडवलं, 100 आणि 45 बरोबर आले. एकच शंका राहिली. 'ठेकेदारांची देणी वेळेवर येतील' हे गृहीतक कंपनीच्या हाताबाहेरचं लिहायचं की अंशतः हातातलं? उधारी द्यायची की नाही हे तर कंपनीच ठरवते ना?